७१ टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर

चित्रे ओळखणाऱ्या ‘मोबाइलनेट’ या न्यूरल नेटवर्कची एक चाचणी रघुरामन कृष्णमूर्ती यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. मूळ नेटवर्क शंभरातली जवळपास ७१ चित्रे बरोबर ओळखत होते. त्यातल्या दशांश संख्यांच्या जागी आठ बिटांचे पूर्णांक बसवले आणि अचूकता ०.१ टक्क्यावर आली. चित्रांचे प्रकार हजार होते, म्हणजे डोळे मिटून उत्तर दिले तरी एवढेच गुण मिळाले असते! पूर्णांक तेवढेच ठेवून मोजमापाची पद्धत बदलली, तेव्हा अचूकता पुन्हा ७० टक्क्यांवर पोहोचली.

एवढी जोखीम घ्यायची, ती जागेसाठी. कॅमेऱ्यासमोर माणूस आहे की नाही, एवढेच सांगणारे मोबाइलनेटचे छोटे रूप घ्या. ९६ × ९६ ठिपक्यांचे करडे चित्र त्यात शिरले की सुरुवातीच्याच एका थराला ५५,२९६ संख्या एकाच वेळी हाताशी ठेवाव्या लागतात. एका दशांश संख्येला चार बाइट लागतात, म्हणजे २१६ किलोबाइट झाले. आर्डुइनो नॅनो ३३ बीएलई सेन्स या बोर्डाची रॅमच २५६ किलोबाइटची आहे आणि बाकीचा प्रोग्रामही तीच वापरतो. आठ बिटांत हेच काम ५४ किलोबाइटमध्ये भागते.

आठ बिटांत २५६ पायऱ्या मावतात. एखाद्या थरातल्या संख्या −१ ते १.५५ दरम्यान असतील, तर प्रत्येक पायरी ०.०१ ची होते. ०.३४७ ही संख्या मग ०.३५ म्हणून साठते. इतकी चूक नेटवर्क सहज पचवते.

मोबाइलनेटचे बिनसले ते पायरीच्या उंचीमुळे. त्याच्या काही थरांत प्रत्येक चॅनेलचा आवाका फार वेगळा असतो. समजा, एका चॅनेलचे भारांक ±१२.७ पर्यंत जातात आणि शेजारच्याचे ±०.०४ च्या आतच राहतात. साऱ्या थराला मिळून एकच पायरी ठरवली तर ती ०.१ ची होते आणि शेजारच्या चॅनेलचा प्रत्येक भारांक शून्य होतो. ते चॅनेल मुकेच होते. उपाय सरळ आहे: प्रत्येक चॅनेलला त्याची स्वतःची पायरी द्यायची. आज टेन्सरफ्लो लाइट कन्व्होल्यूशनच्या भारांकांसाठी हेच करते.

थरांमधून वाहणाऱ्या संख्यांचा आवाका मात्र नमुन्याची काही चित्रे चालवून ठरवावा लागतो. ती सगळी भर दुपारची असतील, तर संध्याकाळच्या अंधुक चित्रांतले बारकावे दोन-चार पायऱ्यांतच दाटतात.

तोटा मोजताना म्हणूनच नमुन्यात नसलेली चित्रे घ्यावीत आणि तीच दोन्ही नेटवर्कना दाखवावीत. नुसत्या टक्केवारीवर विसंबू नये. समजा, हजार चित्रांत अचूकता ०.६ टक्क्याने घटली. सहा बरोबर उत्तरे चुकली तरी हा आकडा येतो; ४६ चुकली आणि ४० चुकांची दुरुस्ती झाली तरीही हाच येतो. दुसऱ्या नेटवर्कचे वागणे बरेच बदललेले आहे. उत्तर पालटलेली चित्रे वेगळी काढून पाहावीत. त्यांत ‘माणूस आहे’चे ‘नाही’ झालेलीच जास्त असतील, तर दोन्ही नेटवर्कचे थर एकेक करून ताडून पाहायचे आणि फरक अचानक कुठे वाढतो ते शोधायचे.