खारूआत्या असं कधीच बोलणार नाही

पिल्सबरीच्या जाहिरातीतला पांढराशुभ्र, गुबगुबीत पोरगा अनेकांनी पाहिलेला असतो. कुणीतरी त्याच्या पोटात बोट खुपसतं आणि तो खुदखुदून हसतो. लिओ बर्नेट या अमेरिकी जाहिरात संस्थेतल्या रूडी पर्झ यांनी 1965 मध्ये त्याला जन्माला घातलं. बोट लावल्यावर पोट आत जातं आणि पुन्हा वर येतं, कारण हा मुलगा मळलेल्या पिठाचा आहे आणि कंपनीला विकायचं होतं तेही ताजं, मऊ, मळलेलं पीठच. जे शब्दांत सांगायला दोन वाक्यं लागली असती, ते त्या एका लकबीत सांगून झालं.

त्याचं पहिलं हसू पॉल फ्रीस यांच्या आवाजातलं. 1986 मध्ये फ्रीस वारले, पण पात्र थांबलं नाही. जोबे सर्नी यांनी तो आवाज पुढे चालवला. सुरुवातीच्या जाहिरातींत खरी बाहुली कणाकणाने हलवून चित्रण होई, पुढे 1990 च्या दशकात तो संगणकावर चालू लागला. आवाज देणारा बदलला, तंत्र बदललं, तरी पोरगा तोच राहिला. असं घडायचं तर पात्र कुणा एकाच्या डोक्यात राहून चालत नाही, ते कागदावर उतरावं लागतं. जाहिरातीच्या धंद्यात या कागदाला कॅरेक्टर शीट म्हणतात.

चित्रांचा भाग त्यातला सोपा. पात्र समोरून, तिरकं, बाजूने आणि पाठीमागून कसं दिसतं, डोक्याच्या मापाने त्याची उंची किती, राग, आनंद, संशय चेहऱ्यावर कसे उमटतात, हे सगळं एका पानावर मावतं. अवघड भाग शब्दांत लिहायचा असतो: ते बोलतं कसं, हलतं कसं, आणि काय कधीच करत नाही.

एक उदाहरण कल्पून पाहू. लोणावळ्याच्या एखाद्या शेंगदाणा चिक्कीवाल्याला वीस सेकंदांच्या सहा ॲनिमेटेड जाहिराती करायच्या आहेत आणि पात्र म्हणून खार निवडली आहे. खार आणि शेंगदाणा ही जोडी कुणालाही सुचेल, पण ती शेंगदाण्याच्या कुठल्याही वस्तूला चालेल. मग या चिक्कीचं वेगळं काय? चांगली चिक्की मोडताना कट्‌ आवाज येतो. गुळाचा पाक पुरेसा चढलेला असेल, म्हणजे गार पाण्यात टाकलेला थेंब कडक होऊन तुटत असेल, तरच तो आवाज मिळतो. पाक कच्चा राहिला किंवा पावसाळी हवा लागली की चिक्की वाकते, चिवट होते, दातांना चिकटते. म्हणून ही खार आवाजावरून पारख करणारी हवी.

आता तिला माणूसपण द्यायचं. ‘मस्तीखोर, प्रेमळ, हुशार’ अशी विशेषणं शीटवर लिहून कुणालाच काही कळत नाही, कारण ती कुठल्याही पात्राला लावता येतात. त्याऐवजी असं लिहावं: खारूआत्या, वय पन्नाशीचं, घरातला बाजार वर्षानुवर्षं तिनेच केलेला. दुकानदाराच्या शब्दावर तिचा विश्वास नाही, स्वतःच्या कानावर आहे. हत्तीलाही ती ‘बाळा’ म्हणते. घाईघाईत बोलते, पण चिक्की हातात आली की एकदम गप्प होते. आवाज किनरा नाही. छोट्या प्राण्याला चिरका आवाज देण्याचा मोह प्रत्येक स्टुडिओत होतो, म्हणून ही सूचना ठळक अक्षरांत हवी. आवाज मध्यम पट्टीतला, किंचित खरखरीत, आणि वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा, कारण आत्या विचारत नाही, ठरवते.

लकबी दोनच पुरेत. पहिली खऱ्या खारीकडून घेतलेली: ती सुळकन धावते आणि जागीच थिजते, रमतगमत कधी चालत नाही. दुसरी शेपटीची: मनात शंका आली की आधी शेपटी ताठ होते, शब्द नंतर येतात. हा क्रम लिहून ठेवला नाही तर एक ॲनिमेटर शेपटी आधी उचलेल, दुसरा शब्दांबरोबर, आणि तिसऱ्या जाहिरातीत लकब कुठल्या कुठे गेलेली असेल.

पालुपद म्हणून तिला लांबलचक घोषवाक्य देऊ नये. चिक्की कानाशी नेत ती म्हणते, “थांब, ऐकू दे.” मग अर्धा सेकंद पूर्ण शांतता, म्हणजे पंचवीस चौकटींच्या सेकंदात बारा-तेरा चौकटी. मग कट्‌. आणि ती म्हणते, “वाजली!” अर्ध्या सेकंदाची ती शांतताही शीटवर लिहावीच लागते, नाहीतर संकलनाच्या टेबलावर वेळ वाचवायला सगळ्यात आधी तीच कापली जाते, आणि ती गेली की आवाजाची वाट पाहणं संपतं. पालुपद एका जाहिरातीत एकदाच. चिक्की समोर नसताना तर मुळीच नाही.

हिंदीत डबिंग होणार असेल तर आणखी एक अडचण येते. ‘थांब’च्या शेवटी ओठ मिटतात, ‘रुको’च्या शेवटी गोल होतात. ओठांची चित्रं पुन्हा काढायची नसतील तर त्या क्षणी आत्येने तोंड वळवून कान कॅमेऱ्याकडे करावा. ऐकण्याच्या कृतीला ते शोभतंही.

नकारांची यादी मला या कागदाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. आत्या कुणाच्या वजनाची, रंगाची थट्टा करत नाही. ‘अशक्तपणा जातो’ असं म्हणत नाही, कारण जाहिरातीतला दावा पुराव्याने सिद्ध करावा लागतो आणि तो पात्राच्या तोंडी घातला म्हणून सूट मिळत नाही. ती नाचत नाही. तिच्या पाठीवर तीनच पट्टे. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण आपल्याकडे पाच पट्ट्यांची खारही सर्रास दिसते आणि नवा चित्रकार संदर्भासाठी तिचा फोटो सहज उचलू शकतो.

बोलणं हा पात्राचा अनिवार्य भाग आहे असंही नाही. 2009 च्या आयपीएलमध्ये व्होडाफोनच्या झूझूंनी एकही अर्थपूर्ण शब्द न उच्चारता देश हसवला. अनेकांना ते ॲनिमेशन वाटलं, प्रत्यक्षात पांढरे पोशाख घातलेली माणसं होती. ओगिल्व्हीच्या कल्पनेवर प्रकाश वर्मा यांनी ते केपटाउनमध्ये चित्रित केलं. चेहऱ्यावरचे भाव मुद्दाम मोजके ठेवले, हालचाल कार्टूनसारखी भासावी म्हणून चित्रणाचा वेगही बदलला. त्या निर्बंधांमुळेच झूझू ओळखू येत.

शीट तयार झाली की ती तपासायच्या दोन रीती आहेत. पात्राची आकृती काळ्या रंगाने भरून टाकावी. नुसत्या सावलीवरून ते ओळखता आलं पाहिजे. खारूआत्याच्या बाबतीत ताठ शेपटी आणि कानाशी धरलेला तुकडा एवढ्यावरून. दुसरी रीत लेखकासाठी. संवादांवरची नावं झाकून ते परक्या माणसाला वाचायला द्यावेत. “हे उत्पादन अतिशय खुसखुशीत आहे” हे वाक्य कुणाचंही असू शकतं. “बाळा, पिशवीवर काय छापलंय ते मला वाचून दाखवू नकोस. थांब, ऐकू दे,” हे मात्र एकाच बाईचं आहे. चौथ्या-पाचव्या जाहिरातीच्या स्क्रिप्टमध्ये पहिल्या जातीची वाक्यं वाढू लागली, की लेखकाने शीट उघडणं सोडलंय हे समजावं आणि चित्रकाराकडे काही जाण्याआधीच ते पान परत पाठवावं.