सही आजींचीच, पण संमती कोणाची?

कर्वेनगरमधल्या एखाद्या जुन्या सोसायटीतला फ्लॅट डोळ्यांसमोर आणू. तिथे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या आजी आहेत. बँक, औषधं, वीजबिल, सगळं पुतण्या पाहतो. एक दिवस तो त्यांना दुय्यम निबंधक कार्यालयात नेतो आणि फ्लॅटचं बक्षीसपत्र त्याच्या नावे होतं. वर्षभराने आजी म्हणतात, ‘मला फसवलं.’ प्रसंग कल्पित आहे, पण प्रश्न खरा आहे: हा दस्त रद्द होईल का? माझं म्हणणं असं की अशा वेळी बहुतेक लोक ‘फसवणूक’ हा एकच शब्द धरून बसतात आणि जे कारण त्यांच्या सर्वांत उपयोगाचं असतं तेच मांडायचं राहून जातं.

१८७२च्या भारतीय करार कायद्याने मोकळी संमती बिघडवणाऱ्या गोष्टींत पुढची चार कारणं वेगवेगळी सांगितली आहेत, आणि बक्षीसपत्रालाही हीच कसोटी लागते. ‘मरेपर्यंत राहायचा हक्क दस्तात लिहिलाय’ असं पुतण्याने मनापासून समजून सांगितलं आणि तसं कलम नसलंच, तर ते चुकीचं निवेदन. नाही हे ठाऊक असून सांगितलं, तर फसवणूक. ‘सही करेपर्यंत खोलीबाहेर सोडणार नाही’ असं धमकावलं, तर जबरदस्ती. नुसता अबोला किंवा रुसवा म्हणजे जबरदस्ती नव्हे, धमकी फौजदारी कायद्याने मना केलेल्या कृत्याची किंवा मालमत्ता बेकायदा अडवून ठेवण्याची असावी लागते. आणि यातलं काहीच घडलं नाही, पण आजी सर्वस्वी पुतण्यावर विसंबून होत्या आणि त्याने त्या विसंबण्याचा फायदा उठवला, तर तो गैरवाजवी प्रभाव, म्हणजे कलम १६.

हे चौथं कारण मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण त्यात पुराव्याचं ओझं फिरू शकतं. फसवणूक म्हटली की कोण, कधी, नेमकं काय खोटं बोललं हे वादपत्रात तपशीलवार लिहावं लागतं आणि सिद्धही करावं लागतं. बंद दाराआडचं बोलणं आजी कुठून सिद्ध करणार? गैरवाजवी प्रभावाचाही तपशील द्यावा लागतो, पण इथे सुरुवात नात्यापासून होते. रघुनाथ प्रसाद विरुद्ध सरजू प्रसाद या १९२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात प्रिव्ही कौन्सिलने क्रम घालून दिला: आधी एकाचं दुसऱ्यावर वर्चस्व होतं का ते पाहा, मग व्यवहार अन्यायकारक दिसतो का ते पाहा. दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं, की व्यवहार स्वच्छ होता हे सिद्ध करायची जबाबदारी पुतण्यावर येते. म्हणून विचारायचं ते असं: मसुदा कोणी आणला? मुद्रांकाचे पैसे कोणी भरले? साक्षीदार कोणाच्या ओळखीचे? आजींना स्वतःचा वकील होता का? फ्लॅट दिल्यावर त्यांच्याकडे राहायला काय उरलं?

‘मग मुलाला दिलेलं प्रत्येक बक्षीसपत्र संशयास्पद ठरेल,’ असा आक्षेप येतो. तो रास्त आहे, पण त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९६७मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुभाषचंद्र दास मुशीब निकालात दिलं आहे. तिथे आजोबांनी नातवाला जमीन दिली होती. केवळ जवळचं नातं आणि म्हातारपण यावरून प्रभाव गृहीत धरता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. विसंबून असणं पुराव्यातून दिसलं पाहिजे. ‘दस्त नोंदणीकृत आहे, आजींनी कबुली दिली आहे’ हा दुसरा आक्षेप. नोंदणीच्या वेळी पाहिलं जातं ते सही त्यांची आहे आणि ती त्यांना मान्य आहे एवढंच. ती सही कशामुळे झाली, हा प्रश्न तिथे सुटत नाही.

मात्र एक मर्यादा निर्दय आहे. या कारणांनी दस्त आपोआप कोसळत नाही. तो रद्द करून घ्यावा लागतो, आणि तोवर वैध राहतो. निंगव्वा विरुद्ध बैरप्पा या १९६८मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मोलाचा भेद केला. ‘सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचं संमतीपत्र आहे’ असं सांगून बक्षीसपत्रावर सही घेतली, तर फसवणूक दस्ताच्या स्वरूपाचीच, आणि तो मुळातच शून्य. बक्षीसपत्र आहे हे माहीत होतं, पण आतल्या मजकुराबद्दल खोटं सांगितलं, तर तो फक्त रद्द होण्याजोगा; दरम्यान प्रामाणिकपणे पैसे मोजून कोणी फ्लॅट घेतला तर त्याचे हक्क आड येतात. म्हणून दाव्याबरोबरच विक्रीला मनाई मागावी. अशा दाव्याची मुदत, रद्द करण्याचा हक्क देणारी हकीकत प्रथम कळल्यापासून तीन वर्षं. ‘घरातलीच गोष्ट आहे, पाहू पुढे’ म्हणत ती संपवणारी माणसं खरी बाजू असूनही हरतात.

दावा जिंकल्यावर न्यायालय हुकूमनाम्याची प्रत नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवतं आणि दस्त रद्द झाल्याची नोंद त्याच्या दप्तरी होते. तिथवर पोचायचं तर वादपत्राची पहिली ओळ ‘पुतण्या खोटं बोलला’ अशी असण्यापेक्षा ‘मी सर्वस्वी त्याच्यावर विसंबून होते’ अशी असणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं.