पैसे आज मिळणार नाहीत

एटीएममध्ये कार्ड घातलं, दहा हजारांचा आकडा टाकला, मशीन घरघरलं आणि थांबलं. नोटा बाहेर आल्याच नाहीत. मोबाइलवर मात्र खात्यातून दहा हजार वजा झाल्याचा संदेश आला. असा माणूस तिसऱ्या दिवशी बँकेच्या काउंटरवर येतो तेव्हा तो चिडलेलाच असतो. चिडलेल्या ग्राहकाशी शांतपणे कसं वागावं हे शिकवणारा प्रशिक्षणपट लिहायचा असेल, तर मी हीच तक्रार निवडेन. इथे ग्राहकाचं म्हणणं खरं आहे, काउंटरवरच्या बाईंची काही चूक नाही, आणि पैसे आज परत देणं त्यांच्या हातात नाही.

यातली शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. असे बरेच चित्रपट एकाच वाटेने जातात. ग्राहक ओरडत येतो, कर्मचारी गोड बोलतो, संगणकावर काहीतरी दाबतो, प्रश्न सुटतो आणि ग्राहक हसत निघून जातो. पाहणाऱ्याच्या मनात एवढंच राहतं की काम झालं म्हणून राग गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या काउंटरवर काम न होणारी तक्रार येते आणि चित्रपटातलं काहीच उपयोगी पडत नाही. म्हणून कागदावर पहिलं वाक्य लिहिण्याआधी ठरवून टाकावं: या गोष्टीत पैसे आज मिळणार नाहीत. चुकीच्या वागण्यानेही नाहीत आणि बरोबर वागण्यानेही नाहीत.

मग नियम समजून घ्यायचा, कारण पात्रांच्या तोंडी चुकीची माहिती गेली तर काउंटरवरचे जाणकार प्रेक्षक तिथेच चित्रपटावरचा विश्वास काढून घेतात. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, खात्यातून रक्कम गेली पण एटीएममधून नोटा आल्या नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती रक्कम आपोआप परत जमा झाली पाहिजे. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते आणि ती बँकेने स्वतःहून द्यायची असते. एटीएम दुसऱ्या बँकेचं असलं तरी तक्रार आपलं कार्ड देणाऱ्या बँकेकडेच करायची. मशीनच्या नोंदी आणि आतली रोकड जुळते का, हे मात्र ज्या बँकेचं मशीन आहे तीच तपासते. आपल्या गोष्टीत व्यवहार सोमवार, 3 तारखेचा. ग्राहक येतो गुरुवारी, 6 तारखेला. म्हणजे 8 तारखेपर्यंत बँकेला मुदत आहे. आणि मुलाच्या कॉलेजची फी भरायची शेवटची तारीख आहे 7.

चुकीचं वागणं आधी आणि बरोबर वागणं नंतर दाखवण्याची रीत जुनी आहे. ब्रिटनमध्ये 1972 साली जॉन क्लीज, अँटनी जे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हिडिओ आर्ट्स’ ही कंपनी काढली आणि प्रशिक्षणपटांत विनोद आणून ही रीत लोकप्रिय केली. नुसतं आदर्श वागणं दाखवण्यापेक्षा दोन्ही बाजू दाखवणं खरंच उपयोगाचं ठरतं का, याचंही उत्तर आहे. वागणुकीचे नमुने दाखवून दिलेल्या प्रशिक्षणावरच्या 117 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. चांगले आणि वाईट असे दोन्ही नमुने दाखवले, तेव्हा शिकलेलं प्रत्यक्ष कामात जास्त उतरलं, असं त्यात आढळलं. पण वाईट नमुना लिहिताना एक मोह होतो: कर्मचारी उद्धट दाखवायचा, जांभया देणारा, फोनवर गप्पा मारणारा. तसं केलं की प्रत्येक प्रेक्षक म्हणतो, ‘मी काही असा नाही,’ आणि मोकळा होतो. चुकीच्या भागातल्या बाई कामसू हव्यात, थोड्या दमलेल्या हव्यात, आणि त्यांचं प्रत्येक वाक्य खरं हवं.

हा भाग असा लिहिता येईल:

‘सोमवारी माझे दहा हजार कापले. नोटा आल्याच नाहीत. आज गुरुवार!’

बाई पडद्याकडे बघत विचारतात, ‘एटीएम आपल्या बँकेचं होतं का?’

‘नाही, स्टेशनजवळचं. दुसऱ्या बँकेचं.’

‘मशीन त्यांचं आहे, तपासणी तेच करणार.’

‘त्यांच्याकडे जाऊन आलो! ते म्हणतात, तुमच्या बँकेत जा.’

‘पाच दिवस लागतात साहेब. आपोआप जमा होतात.’

‘उद्या पोराच्या फीची शेवटची तारीख आहे!’

‘आवाज चढवू नका. तुम्ही आधी शांत व्हा.’

इथे ग्राहकाचा हात काउंटरवर आपटतो. रांगेतली माणसं वळून बघतात, दारावरचा रखवालदार दोन पावलं पुढे येतो. हा भाग दीड मिनिटाच्या वर नेऊ नये. बाईंनी खोटं काहीच सांगितलेलं नाही, हे इथे महत्त्वाचं. चुकलाय तो क्रम. ग्राहक सांगत होता की मला दोन्हीकडून परत पाठवलं, आणि त्या सांगत होत्या नियम. तो बोलला फीबद्दल, त्या बोलल्या आवाजाबद्दल.

आता बरोबर भाग. ग्राहक तोच, तारखा त्याच, नियम तोच. बदलतं ते एवढंच की माहिती आधी न येता नंतर येते. इथे लेखकाने धीर धरून ग्राहकाला सलग वीस-पंचवीस सेकंद बोलू द्यायला हवं. रागावलेला माणूस एकच गोष्ट दोनदा-तीनदा सांगतो. संहिता घासताना ही पुनरुक्ती काढून टाकावीशी वाटते, दिग्दर्शकालाही ती कंटाळवाणी वाटते. ती राहू द्यावी. आपलं म्हणणं पोचलेलं नाही असं वाटतं म्हणून माणूस तेच तेच सांगत असतो, आणि पोचलं की थांबतो. तो थांबतो तो क्षण प्रेक्षकाला ऐकू आला पाहिजे.

तो क्षण बाईंच्या या वाक्याने येतो: ‘सोमवारी दहा हजार वजा झाले, नोटा आल्या नाहीत. त्या बँकेत जाऊन आलात, तर त्यांनी परत इकडे पाठवलं. आणि फीची तारीख उद्या आहे.’ यात माफी नाही, सल्ला नाही, नियमही नाही. त्याने सांगितलेलं त्याच्याच शब्दांत परत दिलं आहे. ‘मी तुमच्या भावना समजू शकते’ हे वाक्य इथे लिहू नये. पाठ केलेलं ते वाक्य काउंटरवर लगेच उघडं पडतं. पुढचं वाक्य कामाचं: ‘तक्रार इथेच नोंदवायची असते. तुम्हाला पुन्हा तिकडे जावं लागणार नाही.’ त्याच्या रागातला मोठा हिस्सा या हेलपाट्यांचा होता, तो इथे उतरतो.

मग बाई विचारतात: किती वाजता गेला होतात? एटीएम नेमकं कुठलं? पावती किंवा मेसेज आहे का? तक्रार नोंदवायला ही माहिती लागतेच, पण दृश्यात तिचं आणखी एक काम आहे. ‘सात... सातचाळीस झाले असतील’ असं आठवून सांगताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. नटाला ‘आता शांत हो’ अशी सूचना देण्यापेक्षा त्याच्या हातात मोबाइल द्यावा आणि तो संदेश शोधायला लावावं. बाईंनाही टाइप करावंच लागतं, म्हणून त्या पडद्याकडे वळण्याआधी म्हणतात, ‘मी हे लिहून घेते.’ चुकीच्या भागातही त्या पडद्याकडेच बघत होत्या; आता ग्राहकाला कळतं की त्या काय करत आहेत.

राग सरळ रेषेत उतरत नाही. त्यामुळे इथे तो पुन्हा चढला पाहिजे.

‘म्हणजे आज पैसे मिळतील ना?’

‘नाही. आज मिळणार नाहीत.’

‘मग इतका वेळ काय लिहून घेत होता? बसून पगार घेता नुसता!’

सगळ्या संहितेत सर्वांत अवघड जागा ही. बाई टोमण्याला उत्तर देत नाहीत आणि गोडही होत नाहीत. दोन सेकंद गप्प राहतात. लेखकाने हे दोन सेकंद कागदावर लिहावेत, नाहीतर संकलनात ते कापले जातील. मग तारीख येते: ‘8 तारखेपर्यंत रक्कम खात्यात जमा व्हायला हवी. नाही झाली, तर 9 पासून दिवसाला शंभर रुपये भरपाई, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. हा तुमचा तक्रार क्रमांक.’ पहिल्या भागातले ‘पाच दिवस’ आणि इथली ‘8 तारीख’ एकच आहेत. पण पाच दिवस कधीपासून मोजायचे हे ग्राहकाला ठाऊक नसतं, 8 तारीख मात्र त्याला घरी जाऊन सांगता येते.

फीचं काय? ‘कॉलेज मुदत देईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. तक्रारीची पोच शिक्का मारून देते, ती दाखवून बघा.’ आपल्या हातात आहे तेवढंच देणं आणि नाही ते स्पष्ट सांगणं. ग्राहक कागद घेतो, घडी करतो, ‘बघू’ म्हणतो आणि जातो. आभार मानत नाही. आभार मानायला लावलं की पहिल्या अंकापासून जपलेलं खरेपण हातचं जातं. हा भाग साडेतीन-चार मिनिटांचा होतो, म्हणजे चुकीच्या भागाच्या दुपटीहून जास्त. तो वाढला म्हणून घाबरू नये; शांतपणे बोलायला वेळ लागतो हे काउंटरवरच्यांना माहीत आहे, आणि चित्रपटाने ते लपवलं तर त्यांना राग येईल.

चित्रपट बनवून घेणारी संस्था या टप्प्यावर भर घालायला सांगते. लोकपालाचा पत्ता संवादात यावा, ब्रीदवाक्य यावं, फॉर्मचं नाव यावं. हे सगळं सोबतच्या छापील पत्रकात द्यावं. नियमातले आकडेसुद्धा शक्यतो वेगळ्या, बदलता येतील अशा दृश्यांत ठेवावेत, म्हणजे नियम बदलला तर नटांना पुन्हा बोलवावं लागत नाही. शिवीगाळ करणारा किंवा अंगावर येणारा ग्राहकही या गोष्टीत आणू नये. ‘बसून पगार घेता’ हे रागाच्या भरात निघालेलं वाक्य आहे, ते सोडून देता येतं. धमकी सोडून देता येत नाही. तिथे व्यवस्थापकाला बोलवायचं असतं, आणि कधी बोलवायचं हे शिकवायला दुसरा चित्रपट लागतो. दोन्ही एकत्र केले, तर सगळं सोसणं म्हणजेच शांत राहणं असा अर्थ कर्मचारी घेतील, आणि तो त्यांच्यावर अन्याय होईल.

संहिता तयार झाली की ती व्यवस्थापकांना वाचून दाखवण्याआधी काउंटरवर बसणाऱ्यांना वाचून दाखवावी. ज्या वाक्याला ते एकमेकांकडे बघतात, ते वाक्य बहुधा खोटं असतं. मग चुकीच्या भागानंतर थांबून विचारावं: कुठल्या वाक्याला पारा चढला? बहुतेकांनी ‘आधी शांत व्हा’ सांगितलं, तर भाग उघडउघड लिहिला गेला आहे. कोणी ‘पाच दिवस लागतात’ सांगितलं, तर तिथे चर्चा करण्यासारखं काहीतरी आहे.

याच वाचनात एक वेगळी अडचणही कळते. कोणी सांगतं, ‘आमच्याकडे तक्रार क्रमांक काउंटरवर मिळतच नाही, वरून येतो, दोन दिवसांनी.’ तसं असेल तर आपल्या दृश्याचा कणाच मोडला, कारण बाईंनी ग्राहकाच्या हातात काय द्यायचं? लेखकाने ते तसंच संस्थेला कळवावं आणि क्रमांक काउंटरवर मिळायची सोय होईपर्यंत चित्रीकरण थांबवायला सांगावं. सोय होत नसेल, तर खोटा क्रमांक देणारं दृश्य लिहू नये.

चित्रपट संपल्यावर प्रशिक्षकाने आपलं एटीएमचं प्रकरण पुन्हा करून घेऊ नये. 2005 च्या त्याच आढाव्यात आढळलं होतं की शिकणाऱ्यांनी स्वतः सांगितलेल्या प्रसंगांवर सराव केला, तर शिकलेलं कामात अधिक उतरतं. म्हणून प्रत्येकाने आपल्या काउंटरवरची गेल्या महिन्यातली, त्या दिवशी न सुटलेली एक तक्रार लिहून आणायची. एकाने ती ग्राहक होऊन मांडायची, दुसऱ्याने ऐकायची, आणि तिसऱ्याने फक्त एवढंच टिपून ठेवायचं: ग्राहकाने तेच तेच सांगणं कधी थांबवलं.