बारा व्होल्टचं दुकान

दुकानाला सोलर लावायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो "किती वॉटचं पॅनेल घेऊ?" हा. दुकानदारही तोच विचारतो आणि विकणाराही त्याचंच उत्तर देतो. पण पॅनेल, कंट्रोलर, बॅटरी आणि एलईडी दिवे एवढ्याच चार वस्तूंची ही छोटी जोडणी फसते ती बहुतेक वेळा वॉटमुळे नव्हे. ती फसते वाटेत हरवलेल्या एक-दोन व्होल्टमुळे. घरच्या 230 व्होल्टच्या लाइनमध्ये दोन व्होल्ट कमी झाले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. बारा व्होल्टमध्ये तेवढ्यानं बॅटरी उपाशी राहते.

उदाहरणादाखल बार्शीसारख्या तालुक्यातलं, रस्त्याच्या कडेचं दहा बाय बारा फुटांचं किराणा दुकान घेऊ. संध्याकाळी वीज जाते, नेमकी गिऱ्हाइकाच्या वेळेला. मालकाला तीन दिवे, एक छोटा पंखा, मोबाइल आणि ऑनलाइन पैसे आले की बोलणारा साउंडबॉक्स एवढं चालायला हवं आहे. फ्रीज या हिशोबात नाही, कारण त्याचं गणितच वेगळं आहे.

नऊ वॉटचे तीन दिवे पाच तास चालले की 135 वॉट-तास होतात. पंधरा वॉटचा डीसी पंखा चार तास चालला की 60, आणि मोबाइल नि साउंडबॉक्सचे मिळून 15 धरले तर दिवसाची बेरीज 210 होते. हिला बारानं भागलं की साडेसतरा अँपिअर-तास येतात. बॅटरीवर एएच असं लिहिलेलं असतं ते हेच एकक, त्यामुळे पुढचा सगळा हिशोब यातच केला की सोपा पडतो.

बॅटरी हे उधारीचं खातं समजावं. रात्री जेवढं काढलं तेवढं दुसऱ्या दिवशी थोड्या व्याजासकट परत भरावं लागतं, आणि खातं तळापर्यंत उपसलं की पत जाते. शिशाच्या बॅटरीतून नेहमी निम्म्यापेक्षा जास्त काढू नये, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. एक दिवस ऊन पडलं नाही तरी दुकान चालावं म्हणून दोन दिवसांची गरज धरली तर 35 एएच होतात. त्याच्या दुप्पट म्हणजे 70, म्हणून बाजारात मिळणारी 75 एएचची सोलर ट्युब्युलर बॅटरी घ्यायची. गाडीची बॅटरी इथे टिकत नाही. ती स्टार्टर मारताना क्षणभर जोरात करंट द्यायला बनवलेली असते, रोज संध्याकाळी पाच तास सावकाश रिकामी व्हायला नव्हे. लिथियम फॉस्फेटची बॅटरी महाग पडते, पण तिच्यातून ऐंशी टक्क्यांपर्यंत काढता येतं, म्हणून याच कामाला 40-45 एएचची पुरते.

आता पॅनेल. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला साधारण पाच तास पूर्ण उन्हाचे हिशोबात येतात. पण जुलै-ऑगस्टमध्ये ते तीनावर घसरतात, आणि दिव्याची गरज पावसाळी संध्याकाळी कमी नसते. म्हणून पॅनेल पावसाळ्यासाठी मोजायचं. काढलेले साडेसतरा एएच आणि भरतानाचं सुमारे पंधरा टक्के व्याज मिळून रोज एकवीस एएच परत जायला हवेत. 125 वॉटचं बारा व्होल्टवाल्या जोडणीचं पॅनेल भर उन्हात सात अँपिअरच्या आसपास देतं. तीन तासांचे झाले एकवीस. हिशोब जुळला. पाचसहा दिवस झड लागली तर पंखा बंद ठेवून दोन दिव्यांवर भागवायचं.

इथे अनेकांना वाटतं, घरांच्या छतावर लावतात ते पाचशे वॉटचं मोठं पॅनेल वॉटमागे स्वस्त पडतं, तेच आणू. साध्या कंट्रोलरबरोबर ते वाया जातं. पीडब्ल्यूएम नावाचा हा स्वस्त कंट्रोलर पॅनेलचा करंट तसाच बॅटरीत सोडतो, व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करत नाही. मोठं पॅनेल चाळीस व्होल्टच्या आसपास काम करतं आणि बॅटरी तेरावर, म्हणजे मधले सगळे व्होल्ट फुकट जातात. वर त्याचे तेरा अँपिअर दहा अँपिअरच्या कंट्रोलरला झेपत नाहीत. एमपीपीटी कंट्रोलर हे रूपांतर करतो, पण तो महाग असतो. एवढ्या लहान कामाला छत्तीस सेलचं पॅनेल आणि दहा अँपिअरचा पीडब्ल्यूएम पुरे.

छत्तीस सेलच्या पॅनेलच्या मागे काम करतानाचं व्होल्टेज अठरा लिहिलेलं असतं. बॅटरी बाराची असताना अठरा कशाला, याचं उत्तर मे महिन्यात मिळतं. तो आकडा पॅनेलचं तापमान 25 अंश असतानाचा आहे. पत्र्यावर तापलेलं पॅनेल 65 अंशांवर जातं, तेव्हा ते अठरा व्होल्ट सव्वापंधरावर उतरतात. शिशाची बॅटरी पूर्ण भरायला 14.4 व्होल्ट लागतात. म्हणजे शिल्लक उरते जेमतेम एक व्होल्टाच्या आसपास.

ही शिल्लक वायर खाऊन टाकते. पॅनेल छतावर आणि कंट्रोलर गल्ल्याशेजारी, मधलं अंतर बारा मीटर धरू. जाणं-येणं मिळून वायर चोवीस मीटर होते. घराच्या फिटिंगला वापरतात ती दीड एमएमची तांब्याची वायर घातली तर सात अँपिअरला तिच्यात दोन व्होल्ट पडतात. सव्वापंधरातून दोन गेले, सव्वातेरा उरले. बॅटरी चार्ज होत असल्याचा दिवा लागतो, पण ती कधीच भरत नाही. वर्षा-दीड वर्षात ती खराब झाली की दोष बॅटरीला दिला जातो. चार एमएमची वायर घातली तर पाऊण व्होल्टच पडतो आणि साडेचौदा उरतात. सहा एमएम घेतली तर आणखी बरं. पॅनेलखाली वीतभर मोकळी जागा सोडली, तर वाऱ्यानं ते कमी तापतं.

सावलीचंही गणित याच व्होल्टचं आहे. छत्तीस सेल एका माळेत असतात आणि बहुतेक पॅनेलमध्ये ती माळ दोन भागांत वाटलेली असते. शेजारच्या फ्लेक्सच्या बोर्डाची सावली एका कोपऱ्यावर पडली की तो निम्मा भाग बाजूला पडतो. उरलेल्या भागाचे व्होल्ट होतात नऊ, आणि नऊ व्होल्टनं बारा व्होल्टची बॅटरी भरत नाही. थोडी सावली म्हणजे थोडं नुकसान नव्हे, तेवढा वेळ चार्जिंग जवळजवळ बंदच. म्हणून जागा ठरवण्याआधी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता पत्र्यावर सावली कुठे सरकते ते पाहावं. तोंड दक्षिणेला, कल साधारण अठरा-वीस अंशांचा.

दिवे घेताना बॉक्सवर "12 व्होल्ट डीसी" बघणं पुरेसं नाही. चार्ज होताना बॅटरी 14.4 पर्यंत चढते. आत ड्रायव्हर नसलेल्या एलईडी पट्ट्या तेव्हा जास्त करंट ओढून तापतात आणि काही महिन्यांत काळ्या पडतात. दहा ते तीस व्होल्ट अशी कक्षा लिहिलेला बल्ब घ्यावा. दुसरी अडचण होल्डरची. बारा व्होल्टचा बल्ब आणि घरचा बल्ब एकाच पिनच्या होल्डरमध्ये बसतात. दुकानातल्या पोरानं सोलरचा बल्ब चुकून मेनलाइनवर लावला की तो फटकन उडतो. सोलरच्या होल्डरवर लाल पट्टी मारून ठेवली की ही चूक टळते.

जोडताना क्रम पाळायचा. कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी दिवे. सोडवताना नेमकं उलट. बॅटरी पाहूनच कंट्रोलर आपण बारावर आहोत की चोवीसवर, हे ठरवतो. बॅटरी नसताना पॅनेलचे मोकळे बावीस व्होल्ट थेट आले तर काही कंट्रोलर जळतात. सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार निवडणं विसरू नये, शिशाच्या आणि लिथियमच्या बॅटरीची भरण्याची पद्धत वेगळी असते.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत पंधरा अँपिअरचा फ्यूज हवाच. बारा व्होल्टनं माणसाला झटका बसत नाही, म्हणून लोक तो टाळतात. पण वायर कुठे चेपून शॉर्ट झाली तर हीच बॅटरी शेकडो अँपिअर सोडते, वायर लाल होते आणि शेजारी खोकी नि गोण्या असतात. पाणी घालायच्या बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन निघतो. ती देवाच्या फळीखाली, अगरबत्ती नि समईजवळ ठेवू नये. तिच्या पेटीला वरच्या बाजूला भोकं ठेवावीत.

"त्यात एक इन्व्हर्टर टाकून द्या, घरचेच बल्ब चालतील," असा सल्ला मिळतोच. इन्व्हर्टर काही न चालवताही स्वतःसाठी वीज खातो. त्यानं रिकामे दहा वॉट खाल्ले आणि तो दिवसभर चालू राहिला, तर 240 वॉट-तास गेले. आपल्या दुकानाची सगळी गरज 210 आहे.

सगळं बसल्यावर दोन-अडीचशे रुपयांचा मल्टिमीटर घेऊन दोनच आकडे बघायचे. सकाळी शटर उघडण्याआधी, ऊन आणि लोड नसताना, शिशाच्या बॅटरीवर 12.2 व्होल्ट म्हणजे ती निम्मी उरली आहे. रोज त्याच्या खाली येत असेल तर वापर जास्त होतो आहे किंवा भरणा कमी पडतो आहे. कोणतं ते दुसरा आकडा सांगतो. स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास बॅटरीच्या टर्मिनलवर मोजावं. तिथे 14.4 च्या जवळ पोहोचत असेल तर पॅनेल आणि वायर ठीक आहेत, पंख्याचे तास कमी करा. तेरा-सव्वातेरावर अडकत असेल तर आधी काच पुसा, मग सावली बघा, मग वायरचे जोड आणि जाडी. दुसरं पॅनेल किंवा नवी बॅटरी घ्यायचा विचार त्यानंतर. बहुतेक दुकानांत तिथपर्यंत जायची वेळ येत नाही. खर्च निघतो तो चोवीस मीटर जाड तांब्याचा.