चौथ्या सत्रातली धाव : शालेय हॉकीपटूचा दमसास आणि हॅमस्ट्रिंग

हॉकीचे मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असते. मधल्या फळीतला खेळाडू त्यावर सलग एका वेगाने कधीच पळत नाही. तो चालतो, संथ पळतो, वाकून उभा राहतो, आणि मग चेंडू सुटला की १५-२० मीटर जिवाच्या आकांताने धावतो. अर्ध्या मिनिटाने, कधी त्याहूनही आधी, पुन्हा तीच वेळ येते. आंतरराष्ट्रीय सामना १५ मिनिटांच्या चार सत्रांचा असतो आणि तिथे खेळाडू सतत बदलता येतात. शाळेच्या संघात मात्र राखीव खेळाडू मोजकेच असतात आणि चांगला मिडफिल्डर बहुधा पूर्ण वेळ मैदानावरच असतो. सुरुवातीची एखादी वेगवान धाव बहुतेकांना जमते. खरी परीक्षा शेवटच्या सत्रात, आधीच्या कित्येक धावा अंगात मुरल्यावर, त्याच वेगाने धावण्याची असते.

पूर्ण वेगाच्या धावेत पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा मुख्यतः स्नायूंतल्या फॉस्फोक्रिएटिनच्या साठ्यातून मिळते. हा साठा झपाट्याने उतरतो. भरताना तो साधारण अर्ध्या मिनिटात निम्मा भरतो, पण जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. ही भरपाई ऑक्सिजनच्या जोरावर होते. म्हणून ज्याचे हृदय, फुफ्फुसे आणि स्नायूंतली रक्तपुरवठ्याची व्यवस्था तयार आहे, त्याचा साठा दोन धावांमधल्या त्याच अर्ध्या मिनिटात अधिक भरतो. दमसासाची म्हणजेच एरोबिक क्षमतेची गरज हॉकीपटूला मुख्यतः या मधल्या विश्रांतीसाठी असते. तासभर एका चालीने पळता येणे हा तिचा दुय्यम फायदा.

थकव्याचा दुसरा परिणाम मांडीच्या मागे दिसतो. हॅमस्ट्रिंग हा तीन स्नायूंचा गट आहे. तो बसण्याच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जोडला जातो, म्हणजे कंबर आणि गुडघा अशा दोन सांध्यांवरून जातो. वेगाने धावताना पाय पुढे फेकला जातो आणि टाच जमिनीला टेकण्याच्या क्षणभर आधी हा स्नायू लांबत असतानाच पुढे झेपावणाऱ्या नडगीला आवरून धरतो. धावतानाच्या बहुतेक दुखापती याच क्षणी होतात, आणि त्यातही बाहेरच्या बाजूचा बायसेप्स फिमोरिस हा स्नायू सर्वाधिक सापडतो. हॉकीत आणखी एक अडचण येते. स्टिक खाली ठेवून कंबरेतून वाकून पळताना हा स्नायू वरच्या टोकाकडून आधीच ताणलेला असतो, आणि त्याच स्थितीत लांब पाऊल टाकून टॅकल करावे लागते. दमलेल्या स्नायूला एवढ्या लांबीवर एवढा भार आवरत नाही.

म्हणूनच सरावाच्या अगदी शेवटी, मुले पूर्ण गळाल्यावर, ‘आता दहा स्प्रिंट’ म्हणण्याची पद्धत दोन्ही बाजूंनी तोट्याची आहे. त्या धावा खऱ्या वेगाच्या होत नाहीत, त्यामुळे वेग वाढत नाही. स्नायू मात्र सर्वात कमजोर अवस्थेत सर्वात मोठा भार झेलतो. रोज मैदानाला फेऱ्या मारत बसण्यानेही काम भागत नाही. त्यातून संथ पळण्याची सवय तेवढी पक्की होते, आणि पूर्ण वेगाची ओळख नसलेला हॅमस्ट्रिंग थेट सामन्यात पहिल्यांदा त्या वेगाला सामोरा जातो. आठवड्यातून एकदा-दोनदा ताज्या अंगाने पूर्ण वेगाने धावणे हे या स्नायूचे मोठे संरक्षण आहे.

नववीतल्या एका पंधरा वर्षांच्या मिडफिल्डरचे उदाहरण घेऊ. जूनमध्ये शाळा सुरू झाली आहे, आंतरशालेय स्पर्धेला आठ आठवडे आहेत, सराव सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार असा संध्याकाळी दीड तास चालतो आणि काही शनिवारी सराव सामना असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने फारसे काही केलेले नाही.

पहिले तीन आठवडे पाया घालण्याचे. आठवड्यातून दोनदा २० ते २५ मिनिटे अशा चालीने पळायचे की सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता यावीत. बोलणे तुटू लागले तर चाल जास्त झाली. वॉर्मअपनंतर ४० मीटरच्या चार धावा, पूर्ण वेगाच्या साधारण तीनचतुर्थांश वेगाने, चालत परत येत. एवढ्यानेच हॅमस्ट्रिंगला वेगाची हळूहळू सवय लागते.

चौथ्या आठवड्यापासून सोमवारी संथ पळण्याची जागा चार मिनिटांचे चार जोरदार टप्पे घेतात. टप्प्यात एकदोन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, आणि दोन टप्प्यांमध्ये तीन मिनिटे हलके पळणे. नॉर्वेत तरुण फुटबॉलपटूंना हाच व्यायाम आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे दिला गेला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सामन्यात कापलेले अंतर सुमारे २० टक्क्यांनी वाढले आणि स्प्रिंटची संख्या दुप्पट झाली. हॉकीत हे टप्पे लहान मैदानावर तिघांविरुद्ध तिघे अशा खेळातूनही होतात, आणि मुलांना ते जास्त आवडतात. मात्र चेंडू बाहेर गेला की लगेच दुसरा आत यायला हवा. चेंडू आणायला जाण्यातच मिनिट गेले तर तो टप्पा नुसता खेळ ठरतो.

गुरुवार हा पुनःपुन्हा स्प्रिंटचा दिवस. चांगल्या वॉर्मअपनंतर, स्टिक-चेंडूच्या कामाआधी, २० मीटरच्या सहा धावा आणि प्रत्येक धावेनंतर सुमारे २५ सेकंद विश्रांती. असा एक संच संपला की चार मिनिटे चालणे, मग दुसरा संच. पाचव्या-सहाव्या आठवड्यात काही धावा स्टिक हातात घेऊन, काही वळण घेऊन करायच्या. तिसरा संच वाढवण्याचा मोह टाळावा. धावण्याची ढब बिघडली, पाऊल शरीराच्या फार पुढे पडू लागले की त्या दिवसाचे काम संपले.

प्रगती मोजण्यासाठी ३० मीटरच्या सहा धावा घेतात आणि दर ३० सेकंदांनी नवी धाव सुरू करतात. समजा या मुलाच्या वेळा ४.७, ४.८, ४.९, ५.१, ५.२ आणि ५.३ सेकंद आल्या. बेरीज ३०.०. सहाही धावा त्याच्या सर्वोत्तम वेळेत झाल्या असत्या तर बेरीज २८.२ आली असती. म्हणजे घसरण ६.४ टक्के. सहा आठवड्यांनी वेळा ४.७, ४.७, ४.८, ४.८, ४.९, ५.० अशा आल्या तर बेरीज २८.९ आणि घसरण २.५ टक्के. त्याचा वेग वाढला नाही, पण तो टिकू लागला. या चाचणीत मुले नकळत सुरुवातीला हात राखून धावतात आणि आकडा खोटाच चांगला येतो. म्हणून आधी ताज्या दमाने एकच धाव मोजून ठेवावी. चाचणीतली पहिली धाव तिच्यापेक्षा पाच टक्क्यांहून सावकाश असेल तर ती चाचणी धरू नये. हाताने स्टॉपवॉच दाबण्यात दशांश सेकंदाची चूक सहज होते, त्यापेक्षा मोबाइलवर व्हिडिओ काढून वेळ पाहणे बरे.

हॅमस्ट्रिंगसाठी सर्वात जास्त आधार असलेला व्यायाम म्हणजे नॉर्डिक. चटईवर गुडघे टेकायचे, सोबत्याने घोटे घट्ट दाबून धरायचे, आणि कंबर न वाकवता, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सरळ रेषेत, जमेल तितके हळू पुढे झुकायचे. तोल सुटला की हातांवर पडायचे आणि हातांनीच ढकलून परत यायचे. येथे स्नायू लांबताना भार झेलतो, म्हणजे धावताना जे करतो तेच. अनेक खेळांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार हा व्यायाम ज्या संघांच्या सरावात होता तिथे हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्या होत्या. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाच-पाचचे दोन संच पुरे. तेवढ्यानेही दोन दिवस मांडी दुखते आणि मुले तो सोडून देतात, म्हणून सुरुवात कमीच असावी. पुढे सहा-सहाचे तीन संच इथपर्यंत जावे. जागा सोमवारच्या सरावाच्या शेवटी, म्हणजे गुरुवारच्या स्प्रिंटपर्यंत दुखणे उतरते. शनिवारी सामना नसेल तर गुरुवारी शेवटी दुसरी, छोटी खेप. जोडीला एका पायावर उभे राहून पाठ सरळ ठेवत कंबरेतून पुढे झुकणे, प्रत्येक पायावर आठ वेळा. हॉकीतल्या वाकलेल्या स्थितीशी त्याचे जवळचे नाते आहे.

या वयाची एक वेगळी जोखीम प्रौढांच्या वेळापत्रकात दिसत नाही. बसण्याच्या हाडावर, जिथे हॅमस्ट्रिंग सुरू होतो, तिथला भाग पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुख्य हाडाशी पूर्ण जुळलेला नसतो. जोराच्या ओढीने स्नायू फाटण्याऐवजी हाडाचा तो तुकडाच सुटू शकतो. धावताना ‘कट्’ असा आवाज किंवा झटका, नितंबाच्या खालच्या टोकाशी दुखणे आणि बाकावर बसताना होणारी वेदना ही त्याची खूण. याला ‘मसल खेचला’ म्हणून मालिश करू नये. हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन एक्स-रे काढावा. मूल भराभर उंच होत असते त्या महिन्यांत विशेष जपावे लागते. दर महिन्याला भिंतीवर उंचीची खूण केली तर ते लगेच कळते. महिन्यात सेंटीमीटरच्या आसपास वाढ दिसू लागली तर स्प्रिंटचा एक संच कमी करणे शहाणपणाचे.

पावसाळ्यात मातीचे मैदान निसरडे होते आणि घसरलेला पाय हॅमस्ट्रिंगला अचानक ताण देतो. ओल्या दिवशी स्प्रिंट कोरड्या पट्ट्यावर किंवा शाळेच्या व्हरांड्याबाहेरच्या सपाट जागेत घ्यावेत, नाहीतर पुढे ढकलावेत.

शेवटच्या दोन आठवड्यांत काम निम्म्यावर आणायचे, पण वेग कमी करायचा नाही. चार मिनिटांचे दोनच टप्पे, सहा स्प्रिंटचा एकच संच, आणि नॉर्डिकचे दोन छोटे संच. स्पर्धेच्या आधीच्या तीन दिवसांत नॉर्डिक नको.

तरीही स्नायू दुखावलाच तर धाव तिथेच थांबवावी. मांडीच्या मागे अचानक आलेली टोचरी कळ ही दुखापत समजावी. दिवसभराने आलेले दोन्ही पायांतले जडपण बहुधा नुसता थकवा असतो. पहिल्या एकदोन दिवसांत कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा, जोराने ताणणे आणि चोळणे टाळावे. चालता येत नसेल किंवा मांडी काळीनिळी पडली तर डॉक्टरांना दाखवावे. पुढची पायरी दिवस मोजून नव्हे, तर खुणा पाहून चढायची. न दुखता भराभर चालता आले की संथ पळणे. दोन्ही पायांची ताकद सारखी वाटली आणि दाबून पाहिल्यावर दुखले नाही की वेगाचे टप्पे : साठ टक्के, पंचाहत्तर, नव्वद आणि मग पूर्ण, प्रत्येक टप्प्यात दुसऱ्या दिवशी दुखले नाही हे पाहून. पूर्ण वेगाच्या धावा आणि स्टिकसह वाकून वळणे असे दोन-तीन सराव विनातक्रार झाले की मगच सामना. एकदा दुखावलेला हॅमस्ट्रिंग पुन्हा दुखावण्याची शक्यता मोठी असते आणि ती पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असते. त्यामुळे मैदानावर परतल्यानंतरही सोमवारचा नॉर्डिक पूर्ण हंगामभर चालू ठेवावा लागतो.