तडजोडीचे पत्र आणि ‘विदाउट प्रेजुडिस’

रुग्णाच्या वकिलाची नोटीस आली की प्रकरण वाढू नये म्हणून काही रक्कम देऊन वाद मिटवावा, असे अनेक वैद्यांना वाटते. हा विचार अयोग्य नाही; परंतु तो कागदावर कसा उतरतो यावर पुढचे बरेच अवलंबून असते. आमच्या पाहण्यात आलेल्या एका पत्राचा आशय असा होता : ‘नाडीस्वेदाच्या वेळी आमच्या सहायकाने नळी फार जवळ धरली, हे आम्हांस मान्य आहे. तरी 25,000 रुपये स्वीकारून विषय संपवावा.’ रुग्णाने रक्कम नाकारली, आणि दीड लाखाच्या दाव्यात हेच पत्र पहिला पुरावा म्हणून जोडले.

अशा पत्रांसाठीच ‘विदाउट प्रेजुडिस’ हा शब्दप्रयोग आहे. त्याचे ‘पूर्वग्रहाविना’ असे भाषांतर केले जाते, ते चुकीचे होय. येथे अभिप्रेत अर्थ ‘आमच्या हक्कांना बाधा न येता’ असा आहे. त्यामागील नियम पूर्वी 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम 23 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 21 मध्ये आहे. दिवाणी प्रकरणात एखादी कबुली ‘ती पुराव्यात आणली जाणार नाही’ अशा स्पष्ट अटीवर दिली असेल, किंवा उभयपक्षांत तसे ठरले होते असे परिस्थितीवरून न्यायालयास अनुमान करता येत असेल, तर ती कबुली ग्राह्य धरली जात नाही.

या संरक्षणाच्या मर्यादा ध्यानात घ्याव्यात. पहिली म्हणजे, नुसते शीर्षक पुरेसे नाही. वाद अस्तित्वात असला पाहिजे आणि पत्र खरोखर तो मिटविण्यासाठी असले पाहिजे. नोटिशीच्या साध्या उत्तरावर हे शब्द छापल्याने त्यातील मजकूर झाकला जात नाही. केसपेपरवरील नोंदही तडजोडीच्या पत्रात उल्लेखिली म्हणून गुप्त होत नाही. ती स्वतंत्र पुरावाच राहते. दुसरी मर्यादा अशी की, हा नियम दिवाणी प्रकरणांपुरता आहे. पोलिसांत तक्रार झाली असेल तर या कलमाचा आधार नाही. परिषदेकडे तक्रार असेल तेथेही त्यावर विसंबू नये. तिसरी म्हणजे, प्रस्ताव स्वीकारला गेला की करार होतो, आणि तो करार सिद्ध करण्यासाठी तीच पत्रे न्यायालयापुढे आणता येतात.

म्हणून आम्ही दोन स्वतंत्र पत्रे सुचवितो. पहिले उघड उत्तर : त्यात आरोप नाकारावेत, तडजोडीचा शब्दही नसावा. दुसरे प्रस्तावाचे. वरील प्रकरणात ते असे लिहिता आले असते :

‘विदाउट प्रेजुडिस, केवळ तडजोडीसाठी. आपल्या नोटिशीतील आरोप आम्हांस मान्य नाहीत. तथापि वाद आपसांत मिटावा म्हणून, कोणतेही उत्तरदायित्व मान्य न करता, आम्ही 25,000 रुपये देण्यास तयार आहोत. हे पत्र व यासंबंधीची पुढील बोलणी कोणीही पुरावा म्हणून सादर करणार नाही, या अटीवर हा प्रस्ताव आहे. तडजोडपत्रावर उभयपक्षी सह्या झाल्यानंतरच तो बंधनकारक होईल. 15 दिवसांत लेखी स्वीकृती न आल्यास तो मागे घेतला असे समजावे.’

यात नळी, सहायक किंवा भाजण्याचे कारण यांविषयी एक अक्षरही नाही, हे वाचकांनी पाहावे. रक्कम सांगण्यासाठी घटनेचे वर्णन लागत नाही. पुराव्यात न आणण्याची अट शीर्षकावर न सोडता वाक्यात लिहिली आहे, कारण कायदा ‘स्पष्ट अट’ मागतो. सह्यांची अट घातल्यामुळे दूरध्वनीवरील ‘बरं, चालेल’ एवढ्यावरून करार झाल्याचा वाद उद्भवत नाही. पुढील प्रत्येक पत्रावर व ई-मेलवर तेच शीर्षक असावे. मध्येच एक संदेश विनाअट गेला, तर तो संरक्षित होता की नाही हाच नवा वाद होतो.

तडजोडपत्रात ही रक्कम त्या उपचारासंबंधीच्या सर्व मागण्यांपोटी अंतिम आहे असे लिहावे व पावती घ्यावी. मात्र ‘रुग्णाने फौजदारी तक्रार करू नये’ अशा अटीवर पैसे देऊ नयेत. खटला दडपण्याचा करार भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 23 नुसार बेकायदेशीर ठरू शकतो.

शेवटची सूचना व्यावसायिक विमा असलेल्यांसाठी. कंपनीच्या लेखी संमतीवाचून कबुली वा रकमेचा प्रस्ताव देऊ नये, अशी अट अशा पॉलिसीत सहसा असते; ती मोडल्यास विम्याचा दावा नाकारला जाण्याची भीती असते आणि ‘विदाउट प्रेजुडिस’ हे शब्द तेथे उपयोगी पडत नाहीत. म्हणून नोटीस हाती येताच प्रथम विमा कंपनीस कळवावे, नंतर वकिलास मसुदा दाखवावा, आणि मगच पत्रावर सही करावी.