सहा मीटरची फीत

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात दृष्टी मोजायला शिकवतात. तेवढ्या शिदोरीवर एखादा विद्यार्थी गावातल्या शाळेत लघुदृष्टीची, म्हणजे ‘मायनस नंबर’ची पाहणी करायचं ठरवतो. विषय छोटा आणि खर्च नगण्य. पण पहिली अडचण शीर्षकातच असते. ‘शालेय मुलांमधील मायोपियाचं प्रमाण’ असं लिहिलं, की विद्यार्थ्याला जे मोजताच येत नाही त्याचं वचन दिल्यासारखं होतं.

लांबचं धूसर दिसण्याची कारणं अनेक आहेत. मायनस नंबर, तिरकस नंबर, आळशी डोळा, क्वचित मोतीबिंदू. यातलं नेमकं कोणतं, ते डोळ्यांत थेंब घालून नंबर काढल्यावरच मुलांच्या बाबतीत खात्रीनं कळतं आणि ते काम नेत्रतज्ज्ञांचं. म्हणून प्रामाणिक शीर्षक असं: ‘सातवीतल्या मुलांमध्ये लांबची दृष्टी कमी असण्याचं प्रमाण’.

आता वर्गात जाऊ. चारही दिशांना तोंड फिरवलेल्या ‘E’ अक्षरांचा तक्ता भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेला आहे. मुलानं फक्त बोटांनी दिशा दाखवायची. हा तक्ता सहा मीटरवरून वाचायचा असतो. 6/9 म्हणजे निरोगी डोळ्याला जी ओळ नऊ मीटरवरून वाचता येते, ती या मुलाला सहा मीटरवर यावं लागल्यावर दिसते. खोली लहान म्हणून विद्यार्थ्यानं मुलांना तीन मीटरवर उभं केलं, तर 6/9 ची ओळ वाचणाऱ्या मुलाची खरी दृष्टी 3/9, म्हणजेच 6/18 असू शकते. ज्याला फळा दिसत नाही, त्याच्या नावापुढे ‘ठीक’ असा शेरा पडतो. अशा वेळी व्हरांड्यात जाऊन फितीनं सहा मीटर मोजावेत, नाहीतर तीन मीटरसाठीच बनवलेला तक्ता आणावा.

तक्ता घरी छापला असेल तर पट्टी लावून पाहावी. 6/60 चं सर्वांत मोठं अक्षर सुमारे 87 मिलिमीटर उंच असायला हवं. प्रिंटरनं ते 80 वर आणलं असेल, तर सगळ्याच ओळी लहान झालेल्या असतात आणि चांगलं दिसणारी मुलंही नापास होतात.

बाकीच्या चुका मुलांकडे लक्ष ठेवलं की सापडतात. रांगेत उभी असलेली मुलं पुढच्याचं उत्तर पाठ करतात, म्हणून बाकीच्यांना दाराबाहेर थांबवावं. झाकलेल्या डोळ्यापुढच्या बोटांच्या फटीतून कोणी बघतं, तर कोणी डोळा इतका दाबतं, की मग त्याच डोळ्याची पाळी आली की त्याला धूसर दिसतं. हाताची ओंजळ करून डोळ्यावर ठेवायला सांगितलं की दोन्ही टळतं. आणि एखादी मुलगी डोळे बारीक करून ओळ वाचत असेल, तर ती पापण्यांची फट वापरून धूसरपणा कमी करते आहे. तिला डोळे मोकळे ठेवून पुन्हा वाचायला लावावं.

समजा, वर्गात 40 मुलं आहेत आणि 36 जणांच्या पालकांची संमती आली. चौघांना वगळायचं आणि उरलेल्यांनाही ‘तपासू का?’ असं विचारायचं. चष्मा असलेल्यांना चष्म्यासह तपासलं. पाच जणांना एका तरी डोळ्यानं 6/9 ची ओळ वाचता आली नाही. मग बारीक छिद्राच्या पिनहोल चकतीतून पाहायला दिल्यावर चौघांना ती वाचता आली, म्हणजे त्यांना बहुधा नंबर आहे. पाचव्याला चकतीनंही फरक पडला नाही. त्याला लवकरात लवकर नेत्रतज्ज्ञांकडे पाठवायचं. अहवालात मात्र ‘36 पैकी 5 जणांना लांबचं कमी दिसतं’ एवढंच लिहायचं, ‘14 टक्के मायोपिया’ नाही. प्लस नंबर असलेली बरीच मुलं जोर देऊन लांबचं नीट वाचतात, त्यामुळे ती या चाळणीतून निसटतात, हेही नोंदवायचं.

जागतिक आरोग्य संघटनेनं 1968 साली प्रसिद्ध केलेल्या विल्सन आणि युंगनर यांच्या निकषांत एक अट आहे: ज्याच्या निदानाची आणि उपचाराची सोय आहे, त्याचीच चाळणी करावी. म्हणून शाळेत पाऊल टाकण्याआधीच मार्गदर्शक प्राध्यापक, आचार समितीची परवानगी, मुलं पाठवायचा नेत्रविभाग आणि चष्म्याचा खर्च कोण करणार, हे ठरलेलं असावं लागतं. संमतीपत्र मराठीत हवं आणि नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक. तो क्रमांक कुणाचा, याची यादी मार्गदर्शकाच्या कपाटात. निकाल वर्गात मोठ्यानं सांगायचा नाही. पाच पाकिटांबरोबर उरलेल्या 31 जणांच्या घरीही तशीच बंद पाकिटं गेली, तर कुणाला चष्मा लागणार हे शाळा सुटताना ओळखता येत नाही.

महिन्याभरानं विद्यार्थी पुन्हा शाळेत जातो आणि पाच क्रमांकांपुढे नोंद करतो: दवाखान्यात गेला का, चष्मा मिळाला का, तो डोळ्यांवर आहे की दप्तरात.